कर्णावरचा आकडा : लोणावळा, शिरूर, दौंड आणि हॅट मॅट्रिक्स

पुणे जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने ओसरतो. घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुणे शहरात तो सातशेच्या आसपास येतो, आणि शिरूर-दौंड हे अवर्षणप्रवण तालुके लागले की पाचशेच्या घरात घुटमळतो. नैऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना बहुतेक पाणी माथ्यावरच टाकून देतात. पूर्वेच्या पठाराच्या वाट्याला पर्जन्यछाया येते.

आता समजा, शिरूर तालुक्यातल्या एखाद्या गावात पर्जन्यमापक नाही आणि तिथल्या सरासरी पावसाचा अंदाज हवा आहे. सरळ मार्ग असा की घाटापासूनचं अंतर आडव्या अक्षावर घ्यायचं, पाऊस उभ्या अक्षावर, आणि ठिपक्यांमधून सगळ्यात जवळून जाणारी रेषा काढायची. हीच लघुतम वर्गांची रेषा. ती काढायला कोणत्याही संगणकाला क्षणभरही लागत नाही. त्या रेषेवर कोणत्या गावाचा किती ताबा आहे, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर हॅट मॅट्रिक्स नावाच्या चौकोनी कोष्टकात असतं, आणि नेमकं सांगायचं तर त्याच्या कर्णावर.

तीन गावं, एक बिंदू

हिशेब हातानं करता यावा म्हणून तीनच ठिकाणं घेऊ : लोणावळा, शिरूर आणि दौंड. रेखांशांवरून पाहिलं तर लोणावळ्याच्या पूर्वेला शिरूर साधारण १०० किलोमीटरवर आणि दौंड साधारण १२० किलोमीटरवर येतं. हे रस्त्याचं अंतर नाही; फक्त पूर्वेकडे किती सरकलो, तेवढंच. पावसाचे आकडेही गोल करून घेऊ : लोणावळा ४०००, शिरूर ५००, दौंड ४५० मिलिमीटर. हे हिशेबासाठी घेतलेले आकडे आहेत, वेधशाळेच्या नोंदी नव्हेत. पण पावसाचं मान साधारण असंच आहे.

नेहमीच्या आलेखात हे तीन ठिपके दिसतील. आपण मात्र वेगळं चित्र काढू. परस्परांना लंब असे तीन अक्ष घेऊ आणि प्रत्येक अक्ष एकेका गावाला देऊ. लोणावळ्याच्या अक्षावर ४०००, शिरूरच्या अक्षावर ५००, दौंडच्या अक्षावर ४५० मोजलं की तिन्ही गावांचा पाऊस मिळून अवकाशात एकच बिंदू होतो. हा मोजलेल्या पावसाचा बिंदू.

रेषेनं दिलेल्या अंदाजांचाही असाच एक बिंदू होतो. पण तो कुठेही असू शकत नाही. रेषा कोणतीही काढा, तिच्यावरच्या तीन अंदाजांना एक अट पाळावीच लागते. अंतरं ०, १०० आणि १२० असताना तीन आकडे एका सरळ रेषेवर असतील तर

लोणावळा − ६ × शिरूर + ५ × दौंड = ०

हे समीकरण खरं ठरतंच. पडताळून पाहा. तिन्हीकडे सारखाच पाऊस असेल तर १ − ६ + ५ शून्य होतं. पाऊस अंतराच्या प्रमाणात असेल तर ० − ६०० + ६०० हेही शून्य होतं. कोणतीही रेषा या दोहोंच्या मिश्रणातूनच बनते. म्हणून शक्य असलेल्या सगळ्या रेषांचे बिंदू मिळून आरंभबिंदूतून जाणारं एक सपाट प्रतल होतं, आणि (१, −६, ५) ही त्या प्रतलाला लंब असलेली दिशा.

मोजलेला बिंदू या प्रतलावर आहे का? ४००० − ३००० + २२५० = ३२५०. शून्य नाही, म्हणजे बिंदू प्रतलाबाहेर तरंगतो आहे. लघुतम वर्गांची पद्धत एवढंच करते की त्या बिंदूपासून प्रतलावर लंब टाकते आणि लंबाचा पाय हेच उत्तर धरते. प्रतलावरचा सगळ्यात जवळचा बिंदू तोच, कारण लंबापेक्षा आखूड वाट नाही.

लंबाची लांबी काढणं सोपं आहे. दिशेच्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज १ + ३६ + २५ = ६२. आता ३२५० भागिले ६२ म्हणजे ५२.४. मोजलेल्या बिंदूतून (१, −६, ५) ची ५२.४ पट वजा केली की आपण प्रतलावर उतरतो. तिथले अंदाज असे येतात : लोणावळा ३९४८, शिरूर ८१५, दौंड १८८. मोजलेला पाऊस आणि अंदाज यांतला फरक लोणावळ्यात ५२ मिलिमीटर, शिरूरला ३१५ आणि दौंडला २६२.

रेषा लोणावळ्याला जवळजवळ चिकटली आणि शिरूर-दौंडची मात्र पार फजिती झाली. शिरूरला तिनं दीडपटीहून जास्त पाऊस दिला आणि दौंडचा निम्म्याहून अधिक काढून घेतला.

कोष्टक

लंब टाकण्याची ही क्रिया एका कोष्टकात मांडता येते. मोजलेला पाऊस त्यात घातला की अंदाज बाहेर पडतात. संख्याशास्त्रात अंदाजाची खूण म्हणून y या अक्षरावर टोपी काढतात, आणि हे कोष्टक y ला ती टोपी घालतं, म्हणून जॉन टुकी यांनी त्याला हॅट मॅट्रिक्स म्हटलं. १९७८ मध्ये होग्लिन आणि वेल्श यांनी त्यावर लिहिलेल्या लेखानंतर ते रोजच्या वापरात रुळलं. त्याचं सूत्र H = X(XᵀX)⁻¹Xᵀ असं आहे. आपल्या तीन गावांसाठी ते असं दिसतं :

| अंदाज ↓ / मोजलेला पाऊस → | लोणावळा | शिरूर | दौंड |
|---|---|---|---|
| लोणावळा | ६१/६२ | ६/६२ | −५/६२ |
| शिरूर | ६/६२ | २६/६२ | ३०/६२ |
| दौंड | −५/६२ | ३०/६२ | ३७/६२ |

दुसरी ओळ वाचू. शिरूरचा अंदाज म्हणजे लोणावळ्याच्या पावसाचे ६ भाग, शिरूरच्या स्वतःच्या पावसाचे २६ भाग आणि दौंडच्या पावसाचे ३० भाग, सगळे ६२ ने भागलेले. ४००० × ६ + ५०० × २६ + ४५० × ३० = ५०,५००; भागिले ६२ म्हणजे तेच ८१५. प्रत्येक ओळीची बेरीज एक येते, त्यामुळे अंदाज ही एका अर्थानं भारित सरासरीच आहे. फक्त इथे काही भार ऋणही असू शकतात.

या कोष्टकाचे दोन गुण त्याची भूमिती सांगून जातात. पहिला असा की ते कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखं आहे : लोणावळ्याचा शिरूरवर जेवढा प्रभाव, तेवढाच शिरूरचा लोणावळ्यावर. दुसरा असा की तेच कोष्टक पुन्हा लावलं तर काहीच बदलत नाही. एकदा प्रतलावर उतरलेला बिंदू आधीच प्रतलावर असतो, त्याला आणखी कुठे उतरायचं? हे दोन्ही गुण एकत्र असले की ती क्रिया लंब टाकण्याचीच असते, दुसरी कोणतीही नसते.

आणि सगळ्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की या नऊ आकड्यांत पाऊस कुठेच नाही. ते फक्त अंतरांवरून आले आहेत. आर मध्ये हे चार ओळींत होतं, आणि त्या चार ओळींत y चा पत्ता नाही :

```r
x <- c(0, 100, 120)
X <- cbind(1, x)
H <- X %*% solve(t(X) %*% X) %*% t(X)
diag(H)   # 0.984 0.419 0.597
```

कर्णावर काय दिसतं

कर्णावरचा आकडा सांगतो की एखाद्या गावचा मोजलेला पाऊस एक मिलिमीटरनं वाढला तर त्याच गावचा अंदाज कितीनं वाढेल. लोणावळ्याचा आकडा ६१/६२, म्हणजे ०.९८४. लोणावळ्याच्या नोंदीत ६२ मिलिमीटर वाढवा. तिथला अंदाज ६१ मिलिमीटरनं वर जाईल. रेषा लोणावळ्याच्या मागे मागे जाते. शिरूरच्या नोंदीत तेवढीच वाढ केली तर शिरूरचा अंदाज फक्त २६ मिलिमीटरनं हलतो. या ओढीला लिव्हरेज म्हणतात.

पण भूमितीत हा आकडा म्हणजे नेमकं काय? मे महिन्याच्या मध्यावर पुणे जिल्ह्यात शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या वेळी एक मीटरची काठी जमिनीशी तिरकी धरली तर सावलीची लांबी काठी आणि जमीन यांतल्या कोनाच्या कोसाइनएवढी भरते. काठी आडवी ठेवली तर सावली पूर्ण एक मीटर, उभी धरली तर शून्य.

आपलं प्रतल ही जमीन आणि प्रत्येक गावाचा अक्ष ही एक मीटरची काठी समजा. हॅट मॅट्रिक्स काठीची सावली पाडतं. मग त्या सावलीतला काठीच्याच दिशेनं जाणारा भाग मोजला की पुन्हा त्याच कोनाचा कोसाइन लागतो. दोनदा कोसाइन लागला, म्हणून कर्णावरचा आकडा म्हणजे कोनाच्या कोसाइनचा वर्ग. तोच सावलीच्या लांबीचाही वर्ग.

लोणावळ्याचा अक्ष प्रतलाशी फक्त ७ अंशांचा कोन करतो. तो जवळजवळ जमिनीवर निजलेला आहे, सावली ९९ सेंटिमीटर. दौंडचा अक्ष ३९ अंशांवर आहे आणि शिरूरचा ५० अंशांवर. म्हणून लोणावळ्याच्या पावसात काहीही फरक पडला तरी मोजलेला बिंदू बहुतेक प्रतलाला समांतर सरकतो, आणि त्याची सावली तितकीच सरकते. प्रतलापासूनची उंची, म्हणजे अंदाजातली चूक, जेमतेम हलते.

या चित्रातून कर्णाचे नियम आपोआप निघतात. कोसाइनचा वर्ग शून्य ते एक यांच्यामध्येच राहतो, म्हणून कर्णावरचा कोणताही आकडा एकच्या वर जात नाही. आणि तिन्हींची बेरीज ६१ + २६ + ३७ = १२४, भागिले ६२, म्हणजे बरोबर २. प्रतलाच्या मिती दोन असतात, आणि अक्षांच्या सावल्यांच्या वर्गांची बेरीज नेहमी तेवढीच भरते. गावं तीन असोत वा तीनशे, सरळ रेषेला एकूण दोनच एकक ओढ वाटायची असते. एका गावानं जवळजवळ एक एकक घेतलं की उरलेलं एक बाकीच्या सगळ्यांत वाटलं जातं.

कोणाला जास्त मिळतं? जो सरासरी अंतरापासून जास्त दूर, त्याला. प्रत्येक गावाला आधी एक भागिले गावांची संख्या एवढा समान वाटा मिळतो. त्यात सरासरीपासूनच्या अंतराचा वर्ग, सगळ्यांच्या वर्गांच्या बेरजेनं भागून, मिळवायचा. अंतराबरोबर उंचीही घेतली तर याच सूत्रात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेलं अंतर येतं. मग अंतर नेहमीचं आणि उंचीही नेहमीची, पण दोन्हींची जोडी विचित्र, असं गावही पकडता येतं.

लपलेली चूक

लोणावळ्यात फरक फक्त ५२ मिलिमीटर निघाला. चार हजारांत बावन्न म्हणजे रेषा तिथे उत्तम बसली, असं कोणीही म्हणेल. आता लोणावळा वगळून पाहू. शिरूर आणि दौंड यांच्यामधून जाणारी रेषा २० किलोमीटरला ५० मिलिमीटर, म्हणजे किलोमीटरला अडीच मिलिमीटरनं उतरते. ती मागे नेली तर लोणावळ्याला ७५० मिलिमीटर पाऊस सांगते. खरा पाऊस ४०००. चूक ३२५० मिलिमीटर!

ही चूक काढायला दुसरी रेषा काढायचीही गरज नव्हती. दिसणारा फरक घ्या आणि एक वजा कर्णावरचा आकडा यानं भागा : ५२.४ भागिले १/६२ म्हणजे ३२५०. लोणावळ्याच्या चुकीचा बासष्टावा भागच आपल्याला दिसत होता. बाकीचा रेषेनं स्वतःला वाकवून गिळून टाकला होता आणि त्याची किंमत शिरूर-दौंडनं चुकती केली होती.

याहून धोक्याचा प्रकार नोंदीतल्या चुकीचा. समजा, उतरवून घेताना एक शून्य गळालं आणि ४००० ऐवजी ४०० लिहिलं गेलं. हिशेब पुन्हा करा : ४०० − ३००० + २२५० = −३५०. भागिले ६२ म्हणजे −५.६. आता फरक लोणावळ्यात ६ मिलिमीटर, शिरूरला ३४, दौंडला २८. आकडा साफ चुकला आणि रेषा आधीपेक्षा कितीतरी छान बसली! घाटमाथ्यावर दौंडपेक्षा कमी पाऊस पडतो, असं ती सांगते आहे, पण फरकांच्या यादीत त्याची कुणकुणही लागत नाही. म्हणून नुसते फरक पाहून चुकीची नोंद हुडकायला जाऊ नये. आधी कर्ण पाहावा, आणि ज्या ठिकाणचा आकडा मोठा असेल तिथली मूळ नोंद हातात घेऊन तपासावी.

मोठा म्हणजे किती? होग्लिन आणि वेल्श यांनी सुचवलेला ठोकताळा असा की सरासरी वाट्याच्या दुपटीहून जास्त आकडा असेल तर लक्ष द्यावं. सरळ रेषेसाठी सरासरी वाटा म्हणजे २ भागिले ठिकाणांची संख्या. आपल्या तीन गावांत ही दुप्पट १.३३ येते आणि कर्ण एकच्या वर जात नाही, त्यामुळे इतक्या कमी ठिकाणांत ठोकताळा निरुपयोगी आहे. ठिकाणं वाढली की तो कामाला येतो.

मापकं कुठे वाढवायची

पर्जन्यमापकं वाढवली की प्रश्न मिटेल, असं वाटतं. समजा शिरूरजवळ पाच मापकं आणि दौंडजवळ पाच मापकं आहेत, लोणावळ्याचं मात्र एकच. एकूण अकरा. सरासरी अंतर बरोबर १०० किलोमीटर येतं. लोणावळ्याचा आकडा १/११ + १०,०००/१२,०००, म्हणजे ०.९२. ठोकताळ्याची मर्यादा ०.३६, तिच्या अडीचपट. दहा मापकं एका बाजूला असूनही रेषेचं पश्चिमेचं टोक अजून एकट्या लोणावळ्याच्याच हातात आहे.

लोणावळ्यातच दुसरं मापक बसवलं तर? तिथला आकडा प्रत्येकी ०.४८ वर येतो. आता एकेक ठिकाण वगळून पाहण्याची युक्ती फसते, कारण एक काढलं तरी दुसरं रेषेला जागीच धरून ठेवतं. जवळजवळ असलेली दोन दूरची ठिकाणं अशी एकमेकांना झाकतात. कर्णावरचे आकडे एकेकटे न पाहता अशा जोडीला एकत्र वगळून पाहावं लागतं.

खरा फरक मधल्या ठिकाणानं पडतो. आपल्या तीन गावांत पुणे घालू : अंतर साधारण ५० किलोमीटर, पाऊस ७००. लोणावळ्याचा आकडा ०.९८ वरून ०.७८ वर येतो. पुण्याचा स्वतःचा आकडा ०.२९, म्हणजे समान वाट्याच्या किंचित वर, कारण ते सरासरीच्या जवळ आहे. पण नवी रेषा काढली की लोणावळ्यातला फरक ५२ वरून एकदम ७०२ मिलिमीटर होतो, पुण्याला १२०० मिलिमीटर जास्तीचा पाऊस मिळतो, आणि दौंडचा अंदाज उणे ५४ मिलिमीटर येतो.

उणे पाऊस! रेषा बिघडली असं वाटेल, पण बिघाड आधीपासून होता, पुण्यानं तो उघडा पाडला. पाऊस घाटापासून सरळ रेषेत कमी होतच नाही. माथा ओलांडल्यावर पहिल्या काही किलोमीटरांतच तो झपाट्याने घटतो आणि पुढे पठारावर हळूहळू उतरतो. लोणावळ्याची ओढ इतकी होती की तीन गावांच्या हिशेबात हे वळण दिसायला जागाच नव्हती.

इथे कर्णाची मर्यादाही सांगायला हवी. ०.९८ हा आकडा लोणावळ्याला दोषी ठरवत नाही. पाऊस खरोखर सरळ रेषेत घटत असता तर इतक्या दूरच्या अचूक नोंदीनं रेषेचा उतार फार नेमका मिळाला असता. कर्ण फक्त ताकद सांगतो. त्या ताकदीनं हित झालं की नुकसान, ते पावसाचे आकडे आल्यावरच कळतं.

उपाय निवडतानाही हा भेद उपयोगी पडतो. पावसाऐवजी पावसाचा लॉगरिदम घेतला तर वळण बरंच सरळ होतं, पण कर्ण तसूभर बदलत नाही, कारण त्यात पाऊस नव्हताच. लोणावळ्याची ओढ तेवढीच राहते. ओढ कमी करायची तर ठिकाणांची मांडणी बदलावी लागते : तळेगाव, पुणे, शिक्रापूर अशी मधली ठिकाणं घ्यावी लागतात. आणि काम फक्त शिरूर-दौंडमधल्या गावाचं असेल तर लोणावळा बाजूला ठेवून याच दोन तालुक्यांतल्या मापकांवर रेषा काढावी. तिचा उतार किलोमीटरला अडीच मिलिमीटर येतो, आणि शिरूर व दौंड यांच्या मधोमध असलेल्या गावाला ती ४७५ मिलिमीटर पाऊस सांगते. लोणावळ्यासह काढलेल्या पहिल्या रेषेवर त्याच गावाला ५०१ मिळाले होते. मधोमध हे आकडे जवळ आले, कारण शिरूरची जास्तीची आणि दौंडची कमीची चूक तिथे एकमेकींना खाऊन टाकतात. मधोमधच्या जरा पुढे दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात; त्यापुढे गाव दौंडकडे सरकलं की त्यांच्यातलं अंतर वाढत जातं आणि दौंडला पोचेपर्यंत ते २६२ मिलिमीटर होतं.